पेपर टाकायची एवढी घाई कशाला?

*ऑफर हातात आली की पहिली ऊर्मी असते राजीनाम्याचा मेल टाइप करायची. पण थांबा! हातात आहे ते पत्र नक्की कोणतं? आणि त्यातल्या अटी पूर्ण झाल्यात का?*

शुक्रवारची संध्याकाळ. अनोळखी लँडलाइन नंबरवरून फोन वाजतो. तुम्ही घाईघाईने डेस्कवरून उठून जिन्यात जाता. पलीकडून गोड आवाज, ‘काँग्रॅच्युलेशन्स! यू आर सिलेक्टेड!’ पगार ठरतो, तुम्ही मनातल्या मनात नवीन बाइकचा रंगसुद्धा ठरवून टाकता, आणि मग तोच गोड आवाज विचारतो, ‘तुमचा नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा आहे ना? मग असं करा, आजच पेपर टाका. लेटर काय, दोन दिवसांत येईलच!’

इथेच खरी गोची आहे, मंडळी. फोन करणारी व्यक्ती खोटं बोलत असते असं नाही. तिला एक जागा ठरलेल्या तारखेच्या आत भरायची असते आणि तुमचे नव्वद दिवस लवकर सुरू झाले की तिचं काम सोपं होतं. पण त्या दोन दिवसांत काही फिसकटलं, तर तिचं फारसं काही बिघडत नाही. तुमची मात्र आहे ती नोकरी गेलेली असते.

मग थांबायचं कशासाठी? बहुतेकांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘ऑफर लेटरवर विसंबू नको, अपॉइंटमेंट लेटर येऊ दे.’ ऐकायला एकदम शहाणपणाचं! पण प्रत्यक्षात हा सल्ला बहुतेक प्रायव्हेट कंपन्यांत पाळताच येत नाही. का, ते आधी बघू.

तीन पत्रं, तीन अर्थ

फोननंतर साधारण तीन प्रकारची पत्रं येऊ शकतात. पहिलं, लेटर ऑफ इंटेंट, म्हणजेच एलओआय. याचा मतितार्थ एवढाच की, ‘आम्हाला तुम्हाला घ्यायची इच्छा आहे.’ त्यात पगाराचा एक मोठा आकडा असतो, कधी पदाचं नाव असतं, पण जॉइनिंगची तारीख आणि पगाराची फोड बहुधा नसते. लग्नाच्या भाषेत सांगायचं तर पत्रिका जुळली, बोलणी व्हायची आहेत.

दुसरं, ऑफर लेटर. इथे पद, ठिकाण, सीटीसी, जॉइनिंगची तारीख आणि ‘अमुक दिवसांत स्वीकारा’ अशी मुदत असते. तुम्ही ते स्वीकारलंत की साखरपुडा झाला म्हणा.

तिसरं, अपॉइंटमेंट लेटर. म्हणजे नेमणूकच! प्रोबेशन किती, नोटीस किती, रजा किती, बदली कुठे होऊ शकते, कंपनीची गुपितं कशी सांभाळायची, हे सगळं त्यात सविस्तर असतं. यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात.

आता गंमत बघा. हे तिसरं पत्र बहुतेक कंपन्यांत जॉइनिंगच्या दिवशी किंवा त्यानंतर मिळतं. त्यासाठी तुम्ही आधी जॉइन व्हायला हवं, जॉइन व्हायला जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर हवं, आणि रिलीव्हिंग लेटरसाठी राजीनामा द्यायला हवा. म्हणजे ‘अपॉइंटमेंट लेटर आल्यावरच राजीनामा’ हा हट्ट धरलात, तर जन्मभर त्याच क्युबिकलमध्ये बसावं लागेल!

कायदाही इथे पुरेसा मदतीला येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्याच्या संहितेनुसार, कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. बातमी चांगलीच आहे. ‘आमच्याकडे लेटरबिटर देत नाहीत’ म्हणणाऱ्या छोट्या ऑफिसांना त्यामुळे चाप बसेल. पण कायदा म्हणतो ते पत्र नियुक्ती होताना द्यायचं आहे. तुम्ही ऑफर स्वीकारलीत आणि अजून जॉइन झाला नाहीत, या मधल्या दोन-तीन महिन्यांसाठी नाही. आणि धोका नेमका त्याच काळात असतो.

‘सब्जेक्ट टू’ हे दोन शब्द शोधा

म्हणून पत्राच्या वर काय नाव छापलंय याला फार महत्त्व देऊ नका. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. तो बघतो प्रस्ताव काय होता आणि तो स्वीकारला गेला का. त्यामुळे अटी स्पष्ट असलेलं आणि तुम्ही स्वीकारलेलं ऑफर लेटरही करार ठरू शकतं. पण बहुतेक ऑफर लेटर्समध्ये तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात एक वाक्य असतं, ‘ही ऑफर सब्जेक्ट टू...’ आणि पुढे यादी. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, मेडिकल, कागदपत्रांची तपासणी, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, कधी क्लायंटची मंजुरी, आणि शेवटी ‘कारण न देता ऑफर मागे घेण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवत आहे.’

याचा सरळ अर्थ असा की, यादीतली प्रत्येक अट पूर्ण होईपर्यंत ऑफर अर्धवट आहे. पत्रात सहा अटी असतील तर त्यातल्या किती राजीनाम्याआधी पूर्ण करून घेता येतील, हा तुमचा खरा प्रश्न. अपॉइंटमेंट लेटरची वाट बघता येत नाही, पण अटी एकेक करून गळून पडण्याची वाट नक्की बघता येते. आणि जी अट राजीनाम्याआधी पूर्ण होणं शक्यच नाही, तिच्याबद्दल निदान लेखी उत्तर मागता येतं.

‘पण ऑफर मागे घेतली तर कोर्टात खेचेन की!’ असं कोणी म्हणेल. खेचा, पण हिशेब माहीत असू द्या. ‘मला कामावर घ्याच’ असा आदेश अशा खासगी नोकरीच्या करारात कोर्ट सहसा देत नाही. मिळालीच तर नुकसानभरपाई. आणि पत्रात नोटीस पंधरा दिवसांची किंवा महिन्याची असेल, तर भरपाईही साधारण तेवढ्याच पगाराच्या आसपास घुटमळते. त्यासाठी वकिलाची फी आणि काही वर्षं घालवायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मुक्ताचं कॅलेंडर

नुसतं तत्त्वज्ञान नको, एक उदाहरण घेऊ. समजा, आपली एक मैत्रीण आहे. तिला मुक्ता म्हणू. हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे, पाच वर्षांचा अनुभव. सध्याचा सीटीसी नऊ लाख, महिन्याचा ग्रॉस पगार साठ हजार, त्यातले तीस हजार बेसिक. फ्लॅटचा हप्ता चोवीस हजार. नोटीस पीरियड नव्वद दिवस. खराडीतल्या एका कंपनीकडून साडेबारा लाखांचा फोन आलाय. तारीख ६ फेब्रुवारी.

‘आजच पेपर टाका’ला मुक्ताचं उत्तर, ‘हो, मी तयार आहे. ऑफर लेटर वाचून, स्वीकारून, मग लगेच टाकते.’ नम्र, हसतमुख आणि ठाम. बस्स.

१० फेब्रुवारीला मेल येतो. सब्जेक्टलाइनमध्ये मोठ्या अक्षरांत ‘ऑफर’, पण उघडून बघावं तर आत एलओआय. साडेबारा लाखांचा आकडा आहे, पण फोड नाही, तारीख नाही. शेवटच्या ओळीत लिहिलंय, ‘कागदपत्रांच्या तपासणीनंतर अधिकृत ऑफर लेटर देण्यात येईल.’ मुक्ता मार्कशीट्स, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, तीन महिन्यांच्या पे स्लिप्स अपलोड करते. राजीनामा? अजिबात नाही.

१७ फेब्रुवारीला खरं ऑफर लेटर येतं. स्वीकारायची मुदत तीन दिवस. मुक्ता चहा घेऊन बसते आणि सगळं वाचते. अगदी अॅनेक्श्चरसकट! तेव्हा तिला चार गोष्टी खटकतात.

पहिली, जॉइनिंगची तारीख ६ एप्रिल. नव्वद दिवसांच्या नोटीसमध्ये ती जमणारच नाही. दुसरी, साडेबारा लाखांतले दीड लाख व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून. महिन्याच्या हिशेबात तिने ते धरायचे नाहीत. तिसरी, एचआरने फोनवर ‘नोटीस बायआउट आम्ही देऊ’ म्हटलं होतं, पत्रात त्याचा एक शब्दही नाही. चौथी, प्रोबेशनमध्ये कंपनी पंधरा दिवसांच्या नोटीसवर काढू शकते.

चौथी गोष्ट बदलणं कठीण. ती कंपनीची छापील अट असते. पण कळलेली बरी, कारण पहिले सहा महिने हातात किती पैसे राखून ठेवायचे हे त्यावर ठरतं. उरलेल्या तीन गोष्टींसाठी मुक्ता फोन करत नाही. ती एक छोटा मेल लिहिते. ‘ऑफरबद्दल मनापासून आभार. स्वीकारण्याआधी चार मुद्दे लेखी स्पष्ट व्हावेत ही विनंती. एक, जॉइनिंगची तारीख २७ एप्रिल करता येईल का, आणि माझ्या कंपनीने लवकर सोडलं नाही तर ८ जूनपर्यंत ऑफर कायम राहील का? दोन, नोटीस बायआउट किती, कशावर मोजून आणि कधी मिळेल? तीन, व्हेरिएबल कोणत्या महिन्यात दिलं जातं आणि पहिल्या वर्षी लागू आहे का? चार, अपॉइंटमेंट लेटरचा नमुना बघायला मिळेल का?’

हा शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि तोच महत्त्वाचा आहे. खरं अपॉइंटमेंट लेटर आधी मिळणार नाही, मान्य. पण त्याचा कोरा नमुना कंपनीकडे तयारच असतो. बॉण्ड आहे का, सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाण्याबद्दल काही लिहिलंय का, कायम झाल्यावर नोटीस किती, हे त्यातच असतं. काही कंपन्या तो देतात, काही ‘पॉलिसी नाही’ म्हणतात. नाही म्हणाल्या तर निदान या तीन गोष्टी मेलवर विचारून घ्या.

१९ फेब्रुवारीला उत्तर येतं. २७ एप्रिल चालेल, अडचण आली तर ८ जूनपर्यंत थांबू, बायआउट पंचेचाळीस दिवसांपर्यंत, पहिल्या पगारासोबत, पावती दाखवल्यावर. सुधारित पत्र सोबत. मुक्ता ते स्वीकारते आणि ‘तुमची स्वीकृती मिळाली’ असं उलट उत्तर येईपर्यंत थांबते. लक्षात घ्या, ऑफर स्वीकारणं आणि राजीनामा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच दिवशी करायलाच हव्यात असं कुठेही लिहिलेलं नाही!

व्हेरिफिकेशन अर्धं आधी, अर्धं नंतर

आता मुक्ता आणखी दोन आठवडे काढते. कशासाठी? बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी, म्हणजे सगळे ज्याला बीजीव्ही म्हणतात त्यासाठी.

बीजीव्ही कंपनी स्वतः क्वचित करते. बाहेरच्या एजन्सीला ते काम दिलेलं असतं. एजन्सी विद्यापीठाकडून डिग्री तपासते, आधीच्या कंपन्यांकडून तुमच्या तारखा, पद आणि सोडण्याचं कारण विचारते, पत्ता तपासते. शिवाय पीएफच्या यूएएन नंबरवरून तुम्ही कुठे, कधीपासून कधीपर्यंत होतात हेही दिसतं. यात दोन भाग पडतात. डिग्री, पत्ता आणि आधीच्या नोकऱ्या आजही तपासता येतात. सध्याची कंपनी मात्र तुम्ही सोडल्यावरच तपासायची असते, नाहीतर तुमचा बॉस आधीच ‘काय गं, चाललीस वाटतं?’ म्हणून उभा राहील. म्हणून फॉर्म भरताना सध्याच्या कंपनीपुढे ‘आत्ता संपर्क करू नये’ हा पर्याय निवडायला विसरू नका.

मुक्ता एचआरला विनंती करते की पहिला भाग राजीनाम्याआधी पूर्ण करावा. सगळ्या कंपन्या ऐकत नाहीत, पण विचारायला काय जातं? आणि या भागात अडकायच्या जागा खरंच असतात. पहिल्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर ३० जूनचं, पण पीएफच्या खात्यात सोडल्याची तारीख ३१ जुलै. किंवा सीव्हीवर ‘सीनियर टेस्टर’ आणि जुन्या कंपनीच्या रेकॉर्डवर नुसतं ‘टेस्टर’. किंवा ती जुनी कंपनीच बंद पडलेली आणि फोन उचलायला कोणी नाही. यातली कुठलीही गोष्ट फसवणूक नाही, पण एजन्सीच्या रिपोर्टवर लाल किंवा पिवळा शेरा येतो आणि मग खुलासे, जुनी बँक स्टेटमेंट्स, फॉर्म १६ असं सगळं शोधत बसावं लागतं. हा शोध नोकरीत असताना केला तर नुसता वैताग. राजीनामा दिल्यावर केला तर झोप उडते.

जाणकार सल्ला असा की ऑफर येण्याचीही वाट बघू नका. नोकरी शोधायला लागलात त्याच आठवड्यात पीएफचं पासबुक उघडून सर्व्हिस हिस्टरीतल्या तारखा जुन्या लेटर्सशी ताडून बघा. चूक असेल तर ती दुरुस्त व्हायला वेळ लागतो.

४ मार्चला मुक्ताला एचआरचा मेल येतो. शिक्षण आणि आधीची नोकरी ‘क्लिअर’, सध्याची कंपनी ‘पेंडिंग’. ५ मार्चला ती एका ओळीचा मेल टाकते, ‘मी उद्या राजीनामा देत आहे. २७ एप्रिलची जॉइनिंग तारीख आणि बायआउट कायम असल्याची कृपया खात्री द्यावी.’ दुपारी उत्तर येतं, ‘कन्फर्म्ड.’ ६ मार्चला सकाळी मुक्ता पेपर टाकते.

फोन आला त्या दिवसापासून बरोबर चार आठवडे. या चार आठवड्यांत तिची ऑफर गेली का? नाही. एचआरने दोनदा ‘अजून नाही टाकलेत?’ विचारलं, एवढंच. साडेबारा लाख देऊन माणूस घेणारी कंपनी लेखी प्रश्नांना उत्तरं द्यायला चार आठवडे थांबत नसेल, आणि प्रत्येक वेळी ‘आधी रेझिग्नेशनचा स्क्रीनशॉट पाठवा’ म्हणत असेल, तर तेच तुमचं उत्तर समजा.

बायआउटचा हिशेब

६ मार्चपासून नव्वद दिवस म्हणजे ४ जून. मुक्ताला २० एप्रिलला, म्हणजे पंचेचाळीस दिवसांनी सुटायचंय. उरलेले पंचेचाळीस दिवस विकत घ्यायचे. पण इथे दोन खाचखळगे आहेत.

एक म्हणजे, लवकर सोडायचं की नाही हे बहुतेक अपॉइंटमेंट लेटर्सनुसार सध्याची कंपनी ठरवते. पैसे भरायची तयारी दाखवली तरी मॅनेजर ‘प्रोजेक्ट संपेपर्यंत नाही’ म्हणू शकतो. म्हणून तर मुक्ताने ८ जूनची पर्यायी तारीख आधीच लेखी घेतली होती. ती नसती तर मॅनेजरच्या एका ‘नाही’मुळे नवी नोकरी लटकली असती आणि जुनीचा राजीनामा दिलेला असता. नुसतं ‘बघू, मॅनेज करू’ हे फोनवरचं आश्वासन तेव्हा कामाला येत नाही.

दुसरं म्हणजे, पैसे कशावर मोजायचे? ग्रॉसवर मोजले तर पंचेचाळीस दिवसांचे नव्वद हजार होतात. बेसिकवर मोजले तर पंचेचाळीस हजार. सरळ दुप्पट फरक! सध्याची कंपनी कशावर मोजते ते तुमच्या जुन्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलेलं असतं. होय, तेच लेटर, जे जॉइन होताना न वाचता सही करून कपाटात टाकलं होतं. ते आज बाहेर काढा. आणि नवी कंपनी तेवढेच पैसे देतेय का ते ताडून बघा. शिवाय हे पैसे आधी तुमच्या खिशातून जातात, नंतर परत मिळतात, त्यावर करही लागू शकतो, आणि वर्षाच्या आत नवी नोकरी सोडलीत तर परत करायची अट बहुधा असते.

आणि तरीही फिसकटलं तर?

सगळं नीट करूनही जॉइनिंग लांबू शकतं. जुलै २०२५मध्ये नाईट्स या पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली होती. टीसीएसने सहाशेहून अधिक अनुभवी उमेदवारांचं जॉइनिंग लांबवलं आणि त्यातल्या अनेकांनी आधीच्या नोकऱ्या सोडलेल्या आहेत, असं संघटनेचं म्हणणं होतं. कंपनीचं म्हणणं होतं की दिलेल्या सगळ्या ऑफर्स आम्ही पाळणार आहोत, जॉइनिंगच्या तारखा व्यवसायाच्या गरजेनुसार पुढे-मागे होतात. वाद बाजूला ठेवा. आपण घ्यायचा धडा एवढाच की ऑफर रद्द न होताही पगार काही महिने बंद पडू शकतो, आणि चोवीस हजारांचा हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातोच. म्हणून राजीनाम्याआधी निदान तीन महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च बाजूला असावा. मुक्ताच्या बाबतीत नुसत्या हप्त्याचेच बहात्तर हजार होतात, शिवाय बायआउटचे नव्वद हजार आधी भरायचेत ते वेगळे.

नोटीस पीरियडमध्येच नव्या कंपनीचा सूर बदललेला जाणवला तर? मेलला उत्तरं यायची थांबली, एचआर बदलली, ‘क्लायंटकडून अप्रूव्हल यायचंय’ अशी नवीनच भाषा सुरू झाली, तर घड्याळ तुमच्या बाजूने असताना जुन्या मॅनेजरशी बोला. राजीनामा मागे घेता येतो का? कधी कधी येतो. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. त्याने डिसेंबर २०१३मध्ये राजीनामा दिला होता आणि मे २०१४मध्ये तो मागे घेतला. राजीनामा आधीच मंजूर केला होता, असं रेल्वेचं म्हणणं. पण ते मंजुरीचं पत्र अंतर्गत होतं, कर्मचाऱ्याला ते रीतसर कळवलं गेलं नव्हतं, म्हणून मागे घेणं योग्य ठरलं.

पण यावर फार उड्या मारू नका. ती सरकारी कंपनी, आणि लढाईला दहा वर्षं लागली. शिवाय आपल्याकडे आता राजीनामा पोर्टलवर टाकतात आणि मॅनेजरने ‘अॅप्रूव्ह’वर क्लिक केलं की काही मिनिटांत मंजुरीचा मेल तुमच्या इनबॉक्समध्ये येतो. त्यानंतर मागे घ्यायचा तर कंपनीची मर्जी. ती मर्जी टिकावी असं वाटत असेल, तर राजीनाम्याच्या मेलमध्ये पाच वर्षांचा राग काढू नका. दोन ओळी पुरतात.

आणि नवी कंपनी जॉइनिंगचं ‘बघू’ म्हणत असेल, तर तिला लेखी विचारा, ‘मी तुमच्या ५ मार्चच्या मेलवरून राजीनामा दिला आहे. जॉइनिंगची निश्चित तारीख कळवावी.’ त्या ‘कन्फर्म्ड’ मेलची खरी किंमत इथे कळते. तुम्ही कोणाच्या शब्दावर नोकरी सोडलीत याचा तो पुरावा आहे. म्हणून हे सगळे मेल्स ऑफिसच्या नाही, तुमच्या स्वतःच्या मेलवर हवेत. शेवटच्या दिवशी ऑफिसचा लॅपटॉप परत जातो आणि त्यातलं सगळं त्याच्याबरोबर जातं.

राजीनामा पाठवण्याआधी टिक करा

☑ हातात एलओआय नाही, ऑफर लेटर आहे. कंपनीच्या अधिकृत मेलवरून आलेलं, पद, ठिकाण, जॉइनिंगची तारीख आणि सीटीसीच्या फोडीसकट.

☑ ‘सब्जेक्ट टू’ची यादी वेगळी लिहून काढली आहे, आणि आधी पूर्ण होऊ शकणाऱ्या अटी पूर्ण झाल्या आहेत.

☑ ऑफर मुदतीत स्वीकारली आणि स्वीकृती मिळाल्याचं उत्तर आलं आहे.

☑ डिग्री आणि जुन्या नोकऱ्यांचं बीजीव्ही क्लिअर आहे, किंवा निदान पीएफच्या तारखा मी स्वतः ताडून बघितल्या आहेत.

☑ जॉइनिंगची तारीख माझ्या नोटीसमध्ये बसते. लवकर सोडलं नाही तर चालणारी दुसरी तारीखही लेखी आहे.

☑ बायआउट किती, कशावर, कधी हे मेलमध्ये आहे, फोनवर नाही.

☑ अपॉइंटमेंट लेटरचा नमुना, नाहीतर त्यातल्या बॉण्ड आणि नोटीसच्या अटी बघितल्या आहेत.

☑ तीन महिन्यांचा खर्च बाजूला आहे.

सगळे टिक झाले? मग आता टाका पेपर. आणि हो, जॉइनिंगच्या दिवशी अपॉइंटमेंट लेटर हातात पडलं की सही करण्याआधी ते ऑफर लेटरच्या शेजारी ठेवून एकदा वाचा. आकडा, पद आणि नोटीस जुळत नसेल, तर विचारायची वेळ सही करण्याआधीची.